‘आय’ हे अक्षर एकटे पाठवू नये

रक्ताच्या कल्चरमध्ये जीवाणू उगवला की प्रयोगशाळा त्याच्यावर दहाबारा प्रतिजैविकांची चाचणी करते आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर लिहून अहवाल पाठवते. जीवाणू संवेदनशील असेल तर ‘एस’, प्रतिरोधी असेल तर ‘आर’ आणि या दोहोंच्या मध्ये असेल तर ‘आय’. पहिली दोन अक्षरे वाचताना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फारसे अडखळावे लागत नाही. तिसरे अक्षर दिसले की मात्र बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट घडते: ते औषध बाजूला पडते आणि ज्याच्यापुढे ‘एस’ आहे असे दुसरे औषध निवडले जाते. याचा दोष डॉक्टरांना देणे सोपे आहे, पण माझ्या मते तो अन्यायाचा आहे. ‘आय’ या एका अक्षरात निरनिराळे, कधी कधी एकमेकांच्या उलट जाणारे निरोप भरलेले असतात. त्यांपैकी नेमका कोणता निरोप या रुग्णाच्या अहवालात आहे हे अहवाल लिहिणाऱ्या प्रयोगशाळेला ठाऊक असते, आणि तरीही ती तो निरोप स्वतःजवळ ठेवून फक्त अक्षर पाठवते. ही पद्धत बदलली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ते पटवून देण्यासाठी आधी या तीन गटांमधल्या रेषा कशा आखल्या जातात ते पाहावे लागेल. प्रयोगशाळेत मोजली जाते ती जीवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान संहती, म्हणजे एमआयसी. औषधाची संहती प्रत्येक नळीत दुप्पट करत नेलेली असते: लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम, मग १, २, ४, ८, १६ अशी. ज्या पहिल्या नळीत जीवाणू वाढलेला दिसत नाही, ती त्याची एमआयसी. बहुतेक ठिकाणी ही मोजणी यंत्रावर होते किंवा तिच्याऐवजी आगरच्या प्लेटवर औषधाची चकती ठेवून तिच्याभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात, पण वर्तुळाच्या व्यासाच्या मर्यादाही शेवटी एमआयसीशी ताडूनच ठरवलेल्या असतात. म्हणून इथून पुढे एमआयसीबद्दलच बोलू.

हा आकडा स्वतः रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. एमआयसी ४ आली, तर ते चांगले की वाईट? काही औषधांच्या बाबतीत ४ ही संहती रक्तात सहज गाठता येते, तर काहींच्या बाबतीत विषबाधा झाल्याशिवाय गाठता येत नाही. आकड्याचे उपचाराच्या भाषेत रूपांतर करणारी रेषा म्हणजे ब्रेकपॉइंट. अमेरिकेतील सीएलएसआय आणि युरोपातील यूकास्ट या संस्थांच्या समित्या ही रेषा आखताना तीन गोष्टी समोर ठेवतात. प्रतिरोधाचा कोणताही गुणधर्म न मिळवलेल्या, म्हणजे मूळ स्वरूपाच्या त्या प्रजातीच्या जीवाणूंची एमआयसी साधारण कुठून कुठपर्यंत पसरलेली असते, हे त्या पाहतात. ठरावीक मात्रेत औषध दिल्यावर माणसांच्या शरीरात त्याची पातळी किती चढते आणि किती वेळ टिकते, हे पाहतात. आणि जिथे माहिती उपलब्ध असेल तिथे, अमुक एमआयसीच्या जीवाणूचा संसर्ग झालेले रुग्ण त्या औषधाने बरे झाले का, हे पाहतात.

या तीनपैकी दुसरी गोष्ट इथे सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक ब्रेकपॉइंटच्या मागे औषधाची एक ठरावीक मात्रा गृहीत धरलेली असते. ‘संवेदनशील’ याचा खरा अर्थ ‘या मात्रेत दिल्यास यश मिळण्याची शक्यता मोठी’ असा असतो. मात्रा बदलली तर रेषाही सरकायला हवी. तरीही अहवालावर अक्षर छापले जाते आणि मात्रा छापली जात नाही. ‘एस’च्या बाबतीत हे फारसे बिघडत नाही, कारण नेहमीची मात्रा पुरेशी ठरते. ‘आय’च्या बाबतीत सगळा अर्थच त्या न छापलेल्या भागात असतो.

मधला पट्टा मुळात कशासाठी ठेवला गेला? सीएलएसआयच्या जुन्या व्याख्येत त्याची तीन कारणे एकत्र गुंफलेली होती. एक, नेहमीपेक्षा अधिक मात्रा देता येत असेल तर हे औषध चालू शकेल. दोन, औषध जिथे आपोआप साचते अशा जागी, मुख्यतः लघवीत, संसर्ग असेल तर ते चालू शकेल. आणि तीन, मोजणीतल्या लहानशा चुकीमुळे संवेदनशील जीवाणू एकदम प्रतिरोधी ठरू नये किंवा प्रतिरोधी जीवाणू संवेदनशील ठरू नये, म्हणून मध्ये सोडलेली मोकळी जागा. पहिली दोन कारणे रुग्णाविषयी आहेत आणि तिसरे चाचणीविषयी.

हे तिसरे कारण खरे आहे, त्याला कमी लेखू नये. एमआयसीच्या चाचणीत एका पायरीचा फरक दोन्ही बाजूंना मान्यच केलेला असतो. ज्या जीवाणूची खरी एमआयसी ४ आहे, त्याची चाचणी आज २ आणि उद्या ८ दाखवू शकते, आणि तरीही प्रयोगशाळेने काही चुकीचे केले असे म्हणता येत नाही. म्हणजे ‘एस’ची मर्यादा ४ आणि तिच्या लगेच वर ‘आर’ असेल, तर तोच जीवाणू दोन दिवसांत दोन टोकांच्या गटांत जाऊ शकतो. मध्ये जागा हवी हे बरोबर. पण ‘आमची मोजणी इथे डळमळीत आहे’ आणि ‘मात्रा वाढवा, औषध चालेल’ या दोन विधानांना एकच अक्षर देणे हे मला या व्यवस्थेतले सर्वांत महागात पडलेले दुर्लक्ष वाटते. पहिले विधान ऐकून डॉक्टरांनी सावध व्हायला हवे आणि दुसरे ऐकून मात्रा वाढवून निर्धास्तपणे औषध द्यायला हवे. अक्षर एकच असल्यावर माणूस सावधपणाच निवडणार.

यूकास्टने २०१९ मध्ये ही गाठ सोडवण्याचा स्पष्ट प्रयत्न केला. ‘आय’ हे अक्षर तसेच ठेवून त्याचा अर्थ ‘वाढीव औषधसंपर्कात संवेदनशील’ असा बदलला. मोजणीतली अनिश्चितता त्यातून काढून टाकली आणि तिच्यासाठी ‘तांत्रिक अनिश्चिततेचा पट्टा’ अशी वेगळी सोय केली. ज्या औषध-जीवाणू जोड्यांमध्ये चाचणी एखाद्या ठरावीक आकड्याच्या आसपास भरवशाची नाही, तिथे तो आकडा आल्यास प्रयोगशाळेने चाचणी पुन्हा करावी, दुसरी पद्धत वापरावी, निकाल रोखून धरावा किंवा खुलासा जोडावा, पण ती अनिश्चितता अक्षराआड लपवून डॉक्टरांकडे सरकवू नये, अशी ही रचना आहे. सीएलएसआयने २०१४ पासून काही औषधांसाठी ‘मात्रेवर अवलंबून संवेदनशील’ हा वेगळा गट सुरू केला आणि इतर ठिकाणी ‘आय’ जुन्याच अर्थाने राहू दिला. दोन्ही मार्ग आपापल्या परीने सुसंगत आहेत. अडचण अशी की अहवाल वाचणाऱ्याच्या मनात ‘आय’चा जुना अर्थ घट्ट बसलेला आहे, आणि व्याख्या बदलल्याने तो आपोआप बदलत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्यूडोमोनस एरुजिनोसा या जीवाणूचे आहे. समजा, एका रुग्णाच्या रक्तात हा जीवाणू सापडला. तो मूळ स्वरूपाचा आहे, त्याने प्रतिरोधाचा कोणताही गुणधर्म मिळवलेला नाही. सेफ्टाझिडाइमची एमआयसी २, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची ४, इमिपेनेमची २, मेरोपेनेमची १ आली. हे सगळे आकडे या प्रजातीसाठी अगदी नेहमीचे आहेत. आता यूकास्टच्या नियमांनुसार अहवाल लिहिला तर सेफ्टाझिडाइमपुढे ‘आय’, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमपुढे ‘आय’, इमिपेनेमपुढे ‘आय’ आणि फक्त मेरोपेनेमपुढे ‘एस’ येते. याचे कारण असे की २०२० पासून यूकास्टने स्यूडोमोनसच्या बाबतीत या औषधांसाठी ‘एस’ची मर्यादा ०.००१ इतकी खाली नेऊन ठेवली आहे. इतकी कमी एमआयसी प्रत्यक्षात कोणत्याच नमुन्यात मिळत नाही, आणि हेच त्यामागचे उद्दिष्ट आहे. या जीवाणूविरुद्ध ही औषधे नेहमीच्या मात्रेत कधीच देऊ नयेत, वाढीव मात्रेतच द्यावीत, म्हणून ‘एस’ हे अक्षर मुद्दामच आवाक्याबाहेर ठेवलेले आहे. सेफ्टाझिडाइमला ‘आर’ ठरवायचे तर एमआयसी ८ च्या वर जावी लागते. २ आणि ८ यांच्यामध्ये भरपूर अंतर आहे.

तोच जीवाणू, त्याच एमआयसी, पण सीएलएसआयच्या नियमांनी लिहिलेल्या अहवालात सेफ्टाझिडाइमपुढे ‘एस’ येईल, कारण तिथे ८ पर्यंत ‘एस’ आहे. आता दोन्हींच्या मागची मात्रा पाहा. सीएलएसआयचा तो ‘एस’ दर सहा तासांनी १ ग्रॅम किंवा दर आठ तासांनी २ ग्रॅम या मात्रेवर बेतलेला आहे. यूकास्टच्या ‘आय’मागची वाढीव मात्रासुद्धा दर आठ तासांनी २ ग्रॅम किंवा दर चार तासांनी १ ग्रॅम अशी आहे. म्हणजे दोन समित्यांमध्ये औषधाविषयी खरे तर जवळपास एकमत आहे. एकीने ती मात्रा गृहीत धरून ‘एस’ लिहिले, दुसरीने ‘मात्रा लक्षात ठेवा’ हे सांगण्यासाठी ‘आय’ लिहिले. पण ज्या डॉक्टरांच्या हातात दुसरा अहवाल पडतो, त्यांना दिसते ते असे: चारपैकी तीन औषधे अर्धवट निकामी आणि एकच मेरोपेनेम भरवशाचे. रात्री दोन वाजता, रक्तदाब घसरलेल्या रुग्णाजवळ उभे राहून त्यांनी मेरोपेनेम लिहिले तर त्यांना नावे कशी ठेवायची? आणि प्रत्येक वेळी असे झाले, तर प्रतिरोधी जीवाणूंसाठी राखून ठेवायचे औषध अशा जीवाणूवर खर्च होत राहते ज्याला त्याची गरजच नव्हती. कार्बापेनेम गटातल्या या औषधाचा वापर जितका वाढतो, तितका त्याच्याविरुद्धचा प्रतिरोध निवडून येण्याचा धोका वाढतो.

मात्रा वाढवल्याने नेमके काय साधते, हे थोडे उलगडून पाहणे उपयोगाचे आहे, कारण ‘जास्त औषध म्हणजे जास्त मारा’ अशी एक ढोबळ समजूत असते. सेफ्टाझिडाइमसारख्या बीटा-लॅक्टम औषधांचा परिणाम त्यांची पातळी किती उंच चढली यावर फारसा ठरत नाही. दोन मात्रांमधल्या वेळेपैकी किती वेळ ती पातळी एमआयसीच्या वर राहिली यावर ठरतो. या गटातल्या औषधांसाठी साधारणपणे हा वेळ निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक असावा लागतो. सेफ्टाझिडाइमचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ, निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात सुमारे दोन तास असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा की औषध दर आठ तासांनी द्यायचे आहे आणि १ ग्रॅम दिल्यावर पातळी ६४ वर गेली. दोन तासांनी ती ३२, चार तासांनी १६ आणि सहा तासांनी ८ होईल. म्हणजे एमआयसी ८ असलेल्या जीवाणूवरही आठपैकी सहा तास औषध वरचढ राहिले. निरोगी माणसात इथे काळजी नाही.

पण अतिदक्षता विभागातला रुग्ण असा नसतो. त्याच्या शरीरात पाणी साठलेले असते, त्यामुळे औषध अधिक जागेत पसरते आणि पातळी कमी चढते. काहींची मूत्रपिंडे आजाराच्या सुरुवातीला नेहमीपेक्षा जास्त वेगाने औषध बाहेर टाकतात. अशा रुग्णात १ ग्रॅमने पातळी ३२ वरच थांबली आणि दर दीड तासाने ती निम्मी झाली असे धरले, तर तीन तासांत ती ८ वर येईल. आठपैकी तीनच तास. हे पुरेसे नाही. मात्रा दुप्पट केली की पातळी ६४ वर जाते आणि ती ८ पर्यंत उतरायला साडेचार तास लागतात, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त वेळ मिळतो. समित्या हेच गणित हजारो कल्पित रुग्णांवर संगणकाने करून पाहतात आणि अशा कमनशिबी रुग्णालाही पुरेल अशी रेषा शोधतात. यातून एक गोष्ट ध्यानात येते. मात्रा दुप्पट केल्याने फक्त एका अर्धायुकालाचा वेळ मिळतो, आणि एमआयसी एक पायरी वाढली की तेवढाच वेळ हातातून जातो. दुप्पट मात्रा एमआयसीची एकच पायरी भरून काढते. म्हणून मधला पट्टा बहुधा एकदोन पायऱ्यांचाच असतो. त्याच्या पलीकडे गेलेल्या जीवाणूसाठी औषध वाढवत राहिलात तर जीवाणूच्या आधी रुग्णाला इजा होईल.

ज्या औषधांचा अर्धायुकाल सुमारे एकच तास आहे, जसे पिपरासिलिन किंवा मेरोपेनेम, त्यांच्या बाबतीत मात्रा दुप्पट करून जेमतेम एक तास मिळतो. तिथे दुसरा मार्ग अधिक उपयोगी पडतो: तेच औषध हळूहळू, जास्त वेळ शिरेतून देत राहणे. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसाठी यूकास्टने दिलेली वाढीव मात्रा वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते, कारण नेहमीच्या मात्रेसारखेच साडेचार ग्रॅम औषध दिवसातून चार वेळा द्यायचे असते. फरक इतकाच की अर्ध्या तासात न देता प्रत्येक वेळी ते तीन तासांत द्यायचे. औषधाचा एक मिलिग्रॅमही वाढत नाही. वाढतो तो जीवाणू औषधाच्या सान्निध्यात राहण्याचा वेळ. ‘वाढीव औषधसंपर्क’ हे नाव म्हणूनच नेमके आहे, आणि नुसते ‘आय’ वाचून ही गोष्ट कुणालाही सुचणार नाही. अहवालाच्या त्या ओळीत ‘प्रत्येक मात्रा तीन तासांत द्यावी’ एवढे पाच शब्द असते तर सुचले असते.

असे लिहिणे शक्य आहे याचा चांगला दाखला सीएलएसआयने सेफेपाइमबाबत घालून दिला आहे. ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जीवाणूंसाठी सेफेपाइमची एमआयसी २ किंवा त्याहून कमी असेल तर ‘एस’, आणि त्यामागची मात्रा दर बारा तासांनी १ ग्रॅम. एमआयसी ४ असेल तर ‘मात्रेवर अवलंबून संवेदनशील’, आणि मात्रा दर आठ तासांनी १ ग्रॅम किंवा दर बारा तासांनी २ ग्रॅम. एमआयसी ८ असेल तरी तोच गट, पण मात्रा दर आठ तासांनी २ ग्रॅम. १६ पासून पुढे ‘आर’. इथे ‘मध्यम’ हा शब्दच उरत नाही. प्रत्येक आकड्यापुढे काय करायचे ते लिहिलेले आहे. ४ आणि ८ या दोन्हींना एकच गटनाव असले तरी त्यांच्या मात्रा वेगळ्या आहेत, आणि म्हणून या ठिकाणी एमआयसीचा आकडा अहवालात दिलाच पाहिजे, हेही यातून ओघाने येते.

यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की औषधाची मात्रा ठरवणे हे प्रयोगशाळेचे काम नाही. प्रयोगशाळेला रुग्णाचे वजन माहीत नसते, मूत्रपिंडाची स्थिती माहीत नसते, आधीच्या तक्रारी माहीत नसतात. सेफेपाइमचेच पाहा. मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला ते पूर्ण मात्रेत देत राहिले तर ते शरीरात साचून गोंधळ, झटके, शुद्ध हरपणे असे मेंदूवरचे परिणाम होऊ शकतात. अहवालावर ‘दर आठ तासांनी २ ग्रॅम’ वाचून कुणी ते डोळे मिटून लिहिले तर? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. प्रयोगशाळा मात्रा लिहून देत नाही. ज्या मात्रेच्या गृहीतकावर तिने अक्षर ठरवले, ती मात्रा ती उघड करते. हे गृहीतक लपवल्याने रुग्ण सुरक्षित होत नाही. उलट ‘एस’ असलेले औषध अपुऱ्या मात्रेत किंवा ‘आय’ असलेले औषध नेहमीच्या मात्रेत दिले जाण्याची शक्यता तशीच राहते. ‘मूत्रपिंडाचे कार्य सामान्य असलेल्या प्रौढ रुग्णासाठी’ एवढी अट त्या ओळीत जोडली की मर्यादाही स्पष्ट होते आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास काय करायचे हा प्रश्न ज्यांच्याकडे जायला हवा त्या डॉक्टरांकडेच जातो.

दुसरे मत असे की अक्षरे काढूनच टाकावीत आणि फक्त एमआयसीचे आकडे द्यावेत, म्हणजे ज्याने त्याने विचार करावा. हे ऐकायला पारदर्शक वाटते, पण प्रत्यक्षात यातून मोठा घोळ होतो. आकड्यांची यादी हातात आली की सर्वांत लहान आकडा सर्वांत चांगला असे मानून औषध निवडले जाते. वरच्या उदाहरणातल्या रुग्णाला सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.५ आणि सेफ्टाझिडाइमची २ आली असती, तर आकड्यावरून सिप्रोफ्लॉक्सासिन चौपट सरस वाटले असते. पण सिप्रोफ्लॉक्सासिनची ‘आर’ची रेषा ०.५ च्या लगेच वर आहे, म्हणजे तो जीवाणू अगदी कड्यावर उभा आहे, आणि सेफ्टाझिडाइमची रेषा ८ वर आहे, म्हणजे तिथे अजून दोन पायऱ्यांची मोकळीक आहे. दोन वेगळ्या औषधांच्या एमआयसी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. रेषा आखणे हे तज्ज्ञांचे काम आहे आणि ते अक्षराच्या रूपाने अहवालात असलेच पाहिजे. मला फक्त अक्षराबरोबर त्याचे कारण हवे आहे.

कारण लिहिणे किती गरजेचे आहे, हे कोलिस्टिनच्या उदाहरणात सर्वांत ठळकपणे दिसते. सीएलएसआयने २०२० मध्ये कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा गटच काढून टाकला. एमआयसी २ किंवा त्याहून कमी असेल तर ‘आय’ आणि ४ पासून ‘आर’. इथे ‘आय’चा अर्थ ‘मात्रा वाढवा, चालेल’ असा मुळीच नाही. कोलिस्टिनची मात्रा वाढवायला जागाच नसते, कारण ते मूत्रपिंडाला इजा करते. सांगायचे आहे ते हे की जीवाणू कितीही हळवा दिसला तरी या औषधाचा रुग्णांमधला परिणाम मर्यादितच आहे, शक्य असेल तर दुसरे औषध निवडा आणि नाइलाज असेल तर जोडीला आणखी एक द्या. म्हणजे एका ओळीतला ‘आय’ ‘हे औषध निर्धास्तपणे द्या, पण पुरेसे द्या’ असे सांगतो आणि दुसऱ्या ओळीतला ‘आय’ ‘हे औषध जमेल तोवर टाळा’ असे सांगतो. दोन्ही अक्षरे शेजारीशेजारी, सारख्याच ठशात छापलेली. डॉक्टरांनी यातून नेमके काय वाचावे अशी आपली अपेक्षा आहे?

आणि काही ठिकाणी मधला पट्टा मुद्दाम ठेवलेलाच नसतो, हेही याच विचाराला धरून आहे. न्यूमोकोकस या जीवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल तर सीएलएसआयच्या नियमांत पेनिसिलिनची एमआयसी ०.०६ पर्यंत ‘एस’ आणि ०.१२ पासून थेट ‘आर’ आहे. तोच जीवाणू फुप्फुसात असेल आणि औषध शिरेतून द्यायचे असेल तर २ पर्यंत ‘एस’, ४ ला ‘आय’ आणि ८ पासून ‘आर’. मेंदूभोवतीच्या द्रवात औषध फार कमी पोचते आणि तिथे चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही, म्हणून तिथे ‘कदाचित’ला जागा दिलेली नाही. नमुना कुठून आला हे कळल्याशिवाय अक्षर ठरवता येत नाही. म्हणून अशा जीवाणूच्या अहवालात दोन्ही ओळी, आपापल्या नावासह, छापाव्या लागतात.

एका रुग्णापुरता हा प्रश्न मिटला तरी तो आकडेवारीत पुन्हा उभा राहतो. रुग्णालये वर्षभरातल्या निकालांची बेरीज करून कोणत्या जीवाणूवर कोणते औषध किती टक्के चालते याचा तक्ता काढतात, आणि कल्चरचा निकाल हाती येण्याआधी कोणते औषध सुरू करायचे हे त्या तक्त्यावरून ठरते. अनेक वर्षे ‘आय’ आणि ‘आर’ एकत्र करून ‘असंवेदनशील’ असा एकच रकाना करण्याची रीत होती. अनेक औषधांना प्रतिरोधी असलेल्या जीवाणूंच्या २०१२ मधल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही हीच रीत होती. यूकास्टचा नवा अर्थ स्वीकारलेल्या प्रयोगशाळेने ती तशीच चालू ठेवली, तर अगदी मूळ स्वरूपाचा, कोणताही प्रतिरोध नसलेला स्यूडोमोनससुद्धा सेफ्टाझिडाइम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि इमिपेनेम या तिन्हींना ‘असंवेदनशील’ म्हणून मोजला जाईल. तक्त्यात ही औषधे जवळपास शून्य टक्क्यांवर दिसतील आणि मेरोपेनेम एकटे उंच उभे राहील. मग एका रात्री एका डॉक्टरांनी केलेली निवड त्या रुग्णालयाचे धोरण होऊन बसेल. यूकास्टच्या नियमांनी काम करणाऱ्यांनी ‘एस’ आणि ‘आय’ यांची बेरीज ‘आर’पासून वेगळी ठेवली पाहिजे. सीएलएसआयच्या नियमांनी काम करणाऱ्यांनी ‘मात्रेवर अवलंबून संवेदनशील’ हा रकाना वेगळा दाखवला पाहिजे आणि कोलिस्टिनला या बेरजेत ओढू नये.

यातले बरेचसे काम प्रयोगशाळेच्या संगणकातल्या अहवालाच्या साच्यात एकदाच करून ठेवता येते. प्रत्येक औषध-जीवाणू जोडीसाठी ‘आय’ आले तर कोणते वाक्य आपोआप छापायचे, हे बसवून ठेवले की रोज कुणाला आठवण ठेवावी लागत नाही. निकाल तांत्रिक अनिश्चिततेच्या पट्ट्यात पडला तर यंत्राने तो रोखून धरावा आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने पाहिल्यावरच सोडावा. अहवालाच्या तळाशी कोणत्या संस्थेची, कोणत्या वर्षाची रेषा वापरली ते छापावे, कारण दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘चार दिवसांत जीवाणू प्रतिरोधी झाला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि पुष्कळदा जीवाणू तोच असतो, फक्त रेषा वेगळी असते. प्रयोगशाळा एका संस्थेच्या नियमांवरून दुसरीच्या नियमांवर जाणार असेल, तर ज्या दिवशी अक्षरे बदलणार त्या दिवसाच्या आधी तिथल्या प्रत्येक डॉक्टरला, अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना आणि औषधविभागाला ते प्रत्यक्ष भेटून सांगावे लागेल, आणि तीन तास सलाईनमधून औषध देण्यासाठी लागणारे पंप त्या दिवशी विभागात आहेत की नाहीत हेही आधी पाहून ठेवावे लागेल.